लग्नाचा अल्बम: फुकटात काय, पैशानं काय आणि नको काय

दुपारची कामं आवरून रेडिओजवळ बसला असाल, तर आज आमच्या गटात घडलेली एक गोष्ट ऐका. गोष्ट फोटोंची आहे, पण ती आमच्या बैठकीत आली कर्जाच्या वाटेनं.

जून महिन्याच्या बैठकीत आमच्या एका ताईंनी दहा हजार रुपये कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, “लेकीच्या लग्नाच्या फोटोंसाठी.” लग्न वैशाखात होऊन गेलेलं. फोटोग्राफरचे ठरलेले पैसे तर सगळे दिले होते, हे आम्हाला माहीत होतं. मग आणखी दहा हजार कसले? ताई म्हणाल्या, “त्यानं ईमेल पाठवलाय म्हणे. मला काही कळत नाही. लेक म्हणते नऊ हजार सातशे वर होतात.”

आम्ही म्हटलं, पैसे देऊ, पण आधी तो ईमेल वाचू. लेकीनं तो आईच्या मोबाइलवर पाठवला आणि आम्ही तो बैठकीत मोठ्यानं वाचला. तोच आज तुम्हाला वाचून दाखवतो. असा ईमेल किंवा चिठ्ठी उद्या तुमच्याही घरी येईल.

फोटोग्राफरनं लिहिलं होतं:

“नमस्कार. आपल्या लग्नाचे सर्व फोटो पेनड्राइव्हमध्ये दिले आहेत. त्यातून अल्बमसाठी 120 फोटो निवडून त्यांचे नंबर कळवावेत. अल्बम 30 शीटचा आहे. निवडलेल्या 120 फोटोंचा उजेड व रंग नीट करणे, फोटो सरळ करणे आणि कडेने कापणे हे ठरलेल्या पैशात आहे. यापैकी 15 फोटोंमध्ये चेहऱ्याचे टचिंग, म्हणजे मुरूम, डाग, घाम काढणे आणि चेहरा मुलायम व उजळ करणे, हेही ठरलेल्या पैशात आहे.

पुढील कामांचे पैसे वेगळे पडतील. 15 च्या वर चेहऱ्याचे टचिंग, दर फोटोला 100 रुपये. मागची नको असलेली वस्तू किंवा माणूस काढणे, दर फोटोला 300 रुपये. मिटलेले डोळे उघडे करणे, दर चेहऱ्याला 250 रुपये. कपड्याचा रंग बदलणे, दर फोटोला 500 रुपये. हजर नसलेली व्यक्ती फोटोत बसवणे, दर फोटोला 1000 रुपये.

अल्बमचे डिझाईन आधी मोबाइलवर पाठवू. त्यात एकदा केलेले बदल मोफत. तुमचा होकार आल्यावर छपाई होईल. छपाईनंतर बदल होणार नाहीत.”

ईमेल एवढाच. वाचून झाल्यावर एक मावशी म्हणाल्या, “उजेड नीट करायला पैसे नाहीत आणि बाटली पुसायला तीनशे? उलटं असायला पाहिजे. उजेड तर सगळ्या फोटोचा असतो, बाटली एवढीशी.” आमच्याही मनात तेच होतं. म्हणून आम्ही चौघीजणी ताईंना घेऊन तालुक्याला त्याच्या दुकानात गेलो आणि त्याला म्हटलं, “भाऊ, काम करून दाखव.” त्यानं दाखवलंही.

हळदीचे चाळीसेक फोटो त्यानं उघडले. मांडवाचं कापड पिवळं आणि गुलाबी. कापडातून ऊन झिरपलं, की सगळ्यांच्या तोंडावर त्याचाच रंग येतो. त्यानं एका फोटोतली ती गुलाबी झाक काढली, उजेड थोडा वाढवला. मग तोच बदल एका झटक्यात बाकीच्या फोटोंना लावला, कारण सगळे एकाच उजेडात काढलेले. पाच-दहा मिनिटांत हळद उरकली. रंग आणि उजेड नीट करणं हे असं घाऊक काम आहे. म्हणून ते ठरलेल्या पैशात बसतं.

मग त्यानं पाण्याची बाटली काढून दाखवली. नवरीच्या मागं टेबलावर बाटली आहे. ती पुसली तर तिथं भोक राहतं, कारण बाटलीच्या मागं काय होतं ते कॅमेऱ्यानं पाहिलेलंच नाही. मग शेजारच्या पडद्याचे तुकडे उचलून ते भोक भरायचं, चुण्या जुळवायच्या. मागं साधा पडदा असेल तर पाच मिनिटं. फुलांची झालर किंवा कुणाच्या साडीची जर असेल तर अर्धा तास. हे एका फोटोचं काम दुसऱ्या फोटोला लागू होत नाही. म्हणजे शिलाईसारखंच. दहा परकर एकदम बेतता येतात, पण हातानं काच-टिकली लावायची तर प्रत्येक ब्लाउजला नव्यानं लावावी लागते. एवढं कळलं की कुठल्याही फोटोग्राफरचा ईमेल कळतो. घाऊक होणारं काम बहुतेक वेळा ठरलेल्या पैशात, एकेका फोटोवर हातानं होणारं काम बहुतेक वेळा वर.

आता ताईंचे नऊ हजार सातशे कसे झाले ते बघू. घरच्यांनी एका संध्याकाळी बसून यादी केली होती. नवरीचा चेहरा असलेले 40 फोटो, सगळ्यांत टचिंग हवं. त्यातले 15 मोफत, उरलेल्या 25 चे 2500 रुपये. ग्रुप फोटोंत सहा जणांचे डोळे मिटलेले, त्याचे 1500. नऊ फोटोंत मागं खुर्च्या, बाटल्या, पंखा, लोंबणारी वायर, त्याचे 2700. चार फोटोंत शालूचा रंग वेगळा आला, तो बदलायचा, त्याचे 2000. आणि दोन वर्षांपूर्वी वारलेले आजोबा एका फोटोत बसवायचे, त्याचे 1000. बेरीज 9700. हिशोबात चूक नव्हती. फोटोग्राफरनं फसवलंही नव्हतं. यादीच महाग झाली होती.

आम्ही ती यादी दुकानातच एकेक करून तपासली.

आधी चेहरे. 40 फोटोंतले निम्म्याहून जास्त फोटो अल्बमच्या पानावर छोटे येणार होते. ज्या फोटोत चेहरा हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढा छापून येतो, त्यात मुरूम दिसतच नाही. मग तो काढायला शंभर रुपये कशाला? अर्ध्या किंवा पूर्ण पानावर येणारे मोठे चेहरे मोजले तर 18 निघाले. 15 मोफत, वर फक्त तीन. 300 रुपये.

मग मिटलेले डोळे. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. मिटलेले डोळे उघडताना हा फोटोग्राफर डोळे मनानं रंगवत नाही. त्याला त्याच माणसाचा, त्याच वेळी, त्याच बाजूनं काढलेला दुसरा फोटो लागतो. त्यातला चेहरा उचलून इथं बसवतात. म्हणून जाणता फोटोग्राफर ग्रुप फोटो एकदा काढून थांबत नाही, तीन-चार वेळा बटण दाबतो. आपल्याला वाटतं उगाच थांबवून ठेवलंय. तर आम्ही पेनड्राइव्हमधले मागचे-पुढचे फोटो पाहिले. सहापैकी चार ठिकाणी शेजारच्याच फोटोत सगळ्यांचे डोळे उघडे होते. नंबर बदलला, काम संपलं. उरले दोन चेहरे, 500 रुपये.

मागच्या वस्तू. नऊपैकी सहा फोटोंत खुर्ची, बाटली अगदी कडेला होती. कडेनं कापणं तर ठरलेल्या पैशातच आहे. कापून टाकली. तीन फोटोंत वायर नेमकी नवरा-नवरीच्या डोक्यावरून गेलेली होती, ती काढणं भाग होतं. 900 रुपये.

शालूची गंमत ऐका. घरच्यांनी लिहिलं होतं, “साडीचा रंग बदलायचा आहे.” फोटोग्राफरनं ते वाचलं आणि 500 रुपयांचं काम धरलं. पण ताईंना रंग बदलायचा नव्हताच. शालू डाळिंबी होता आणि स्टेजवरच्या जांभळ्या दिव्यात तो वांग्याच्या रंगाचा आला होता. त्यांना होता तोच रंग परत हवा होता. हे रंग नीट करण्याचं काम आहे, रंग बदलण्याचं नाही. नुसत्या शब्दाच्या फरकानं 2000 रुपये लागले होते. फोटोग्राफर म्हणाला, “खरा रंग मला दाखवा.” शालू तर मुलीबरोबर सासरी गेलेला. पण ब्लाउज शिवून उरलेला तुकडा ताईंच्या पेटीत होता. तो त्यांनी दुसऱ्या दिवशी नेऊन दिला. कापडच न्यावं लागतं. मोबाइलवर फोटो काढून पाठवला तर त्या फोटोतलाही रंग खरा असेल याची खात्री नसते. चारपैकी तीन फोटो नीट झाले. चौथ्यात मात्र शालूवर निव्वळ जांभळा उजेड पडलेला होता, खालचा रंग शिल्लकच नव्हता. जो रंग कॅमेऱ्यात उतरलाच नाही, तो नंतर काढता येत नाही. तसंच हललेला, धूसर फोटो पुरता साफ होत नाही, आणि फ्लॅशनं पांढरा फटक पडलेला चेहराही परत येत नाही. तो फोटो बदलून दुसरा घेतला.

राहिले आजोबा. घरच्यांनी भिंतीवरच्या तसबिरीचा मोबाइलनं फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. काचेवर खिडकीचा उजेड चमकत होता, आणि व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला फोटो लहान होऊन जातो. फोटोग्राफरनं सरळ सांगितलं, “आजोबांवर उजेड डावीकडून आहे, लग्नात उजवीकडून. मी बसवीन, पैसे घेईन, पण ते चिकटवल्यासारखे दिसतील.” ताईंच्या सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “ते लग्नाला नव्हते. होते असं कशाला दाखवायचं? त्यांचा फोटो त्यांच्या जागी लावा.” मग तसबीर काचेतून बाहेर काढून दुकानात नेली. अल्बमच्या पहिल्या शीटवर, देवकाच्या फोटोशेजारी, आजोबांचा फोटो वेगळ्या चौकटीत आला. डिझाईनमध्ये एक फोटो वाढला, एवढंच. त्याचे पैसे पडले नाहीत.

आता बेरीज करा. 300, 500 आणि 900. झाले 1700 रुपये. नऊ हजार सातशेवरून सतराशे. कर्जाचा अर्ज ताईंनी मागं घेतला.

इथंच गोष्ट संपली असती. पण चार दिवसांनी डिझाईन मोबाइलवर आलं, आणि खरी अडचण त्यानंतर निघाली. ती पैशाची नव्हती.

ताईंनी डिझाईन पाहिलं आणि खूश झाल्या. लेक गोरीपान दिसत होती. शेजारणी म्हणाल्या, “हिरॉइन दिसतेय.” सासरी लेकीनं तेच डिझाईन पाहिलं आणि आईला फोन केला. म्हणाली, “आई, ही मी नाही.” तिच्या हनुवटीवर जन्मापासून तीळ आहे, तो गेला होता. लहानपणी चुलीजवळ पडून भुवईवर व्रण राहिला होता, तोही गेला होता. आणि तिचा सावळा रंग, जो तिच्या आजीचा, आईचा रंग आहे, तो पुसून वर दुसराच लावला होता. एका फोटोत माय-लेकी गळ्यात पडून रडतायत, पाठवणीचा फोटो. त्यात आई सावळी आणि लेक पांढरी. “आपण दोघी एकमेकींच्या कुणी लागतच नाही असं दिसतंय,” असं ती म्हणाली. ताई आम्हाला हे सांगताना रडल्या.

फोटोग्राफरनं काही चोरून केलं नव्हतं. ईमेलमध्ये लिहिलंच होतं, “चेहरा मुलायम व उजळ करणे, ठरलेल्या पैशात.” आम्ही चौघींनी तो ईमेल वाचला, पैसे पडणाऱ्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवलं, आणि ही ओळ सोडून दिली, कारण ती फुकट होती. आमचं चुकलं ते इथं. फुकट आहे म्हणजे हवंच आहे, असं आम्ही धरून चाललो.

आम्ही पुन्हा फोटोग्राफरकडे गेलो. तो म्हणाला, “बहुतेक घरचे मागतात. नाही केलं तर म्हणतात, फोटो काळे आले. म्हणून मी सगळ्यांचंच करतो.” त्याचंही खरं आहे. आपणच मागत आलोय. मग त्यानं आम्हाला एक फरक दाखवला, तो तुम्हीही समजून घ्या. फोटोत उजेड वाढवणं वेगळं आणि कातडीचा रंग बदलणं वेगळं. अंधारात काढलेल्या फोटोचा उजेड वाढवला, की सगळंच उजळतं. चेहरा, हात, साडी, मागची भिंत, सगळं. त्यात माणूस आहे तसाच राहतो, फक्त दिव्याखाली आल्यासारखा दिसतो. पण चेहरा तेवढा उजळलाय आणि मान, हात, बांगड्यांच्या वरचं मनगट आहे तसंच आहे, तर समजायचं की रंग बदललाय.

आणखी दोन खुणा आहेत. फोटो मोबाइलवर बोटांनी मोठा करून नाकाजवळ आणि भुवईजवळ बघा. भुवईचे केस एकेक वेगळे दिसायला हवेत, नथीच्या मोत्यांच्या कडा स्वच्छ दिसायला हव्यात. चेहरा जास्त मुलायम केला असेल तर भुवई काजळानं ओढल्यासारखी सपाट दिसते आणि मोती धूसर होतात. दुसरी खूण कमरेची. कुणाची कंबर किंवा दंड बारीक केले असतील, तर त्यामागची खांबाची किंवा दाराच्या चौकटीची सरळ रेघ आत वाकलेली दिसते. खांब वाकत नाही, फोटो वाकवलेला असतो.

डिझाईनमध्ये एकदा केलेले बदल मोफत होते, ती सवलत आम्ही इथं वापरली. लेकीनं स्वतः ईमेलला उत्तर लिहिलं. ते असं होतं:

“दादा, अल्बममध्ये पुढील बदल करावेत. माझ्या चेहऱ्यावरचे मुरूम, हळदीचा ओघळ आणि घाम काढावा. तीळ आणि भुवईवरचा व्रण तसाच ठेवावा. माझा किंवा घरातल्या कुणाचाही रंग उजळ करू नये. फोटोतला उजेड कमी असेल तर पूर्ण फोटोचा वाढवावा. कुणाचा बांधा बदलू नये. आईच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या काढू नयेत. छपाईआधी पाठवणीचा एक फोटो कागदावर छापून दाखवावा, त्याचे जे होतील ते पैसे देऊ.”

शेवटचं वाक्य का, तेही सांगतो. मोबाइलचा पडदा स्वतःच उजेड देतो. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. त्यामुळे मोबाइलवर छान दिसलेला फोटो कागदावर थोडा गडद येतो. तो गडदपणा पाहून पुन्हा “रंग उजळा” म्हणायचा मोह होतो. एक नमुना आधी हातात घेऊन, दिवसाउजेडी ओट्यावर बसून पाहिला, की ही शंका राहत नाही.

या उत्तरातली मुरूम आणि तीळ ही वाटणी आम्हाला फार पटली. मुरूम काही दिवसांत जातो. घाम पुसला की जातो. लग्नाच्या दिवशी तो होता, दुसऱ्या आठवड्यात नसेल, तर फोटोतून काढला म्हणून माणूस बदलत नाही. तीळ, व्रण, रंग मात्र जन्माचे सोबती आहेत. ते काढले तर फोटोत दुसरंच कुणी उभं राहतं. ही रेघ फोटोग्राफरला आपण होऊन सांगावी लागते. कुठला व्रण घरच्यांना नकोसा आहे आणि कुठला आपला वाटतो, हे त्याला कळायला मार्ग नाही. एखादीला तिचा व्रण काढून हवा असेल, तर तेही तिनंच सांगावं. चेहरा तिचा आहे.

तर आमच्या गटानं आता एक पद्धत ठेवली आहे. कुणाच्या घरी लग्न ठरलं आणि फोटोग्राफरला पैसे द्यायची वेळ आली, की त्याच्याकडून हा ईमेल आधीच मागवायचा, लग्नानंतर नाही. मग वहीच्या पानावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात, ठरलेल्या पैशात काय आहे. दुसऱ्यात, वरचे पैसे कशाचे आणि दर किती. हे दोन रकाने फोटोग्राफरच्या ईमेलमधूनच भरता येतात. तिसरा रकाना आपल्याला भरावा लागतो, आणि तो भरताना नवरी शेजारी बसलेली हवी. त्या रकान्याचं नाव आहे, “करू नये.”

ताईंचा अल्बम श्रावणात आला. पाठवणीच्या फोटोत दोघी सावळ्या आहेत, रडून दोघींची नाकं लाल झालीत, आणि हनुवटीवरचा तीळ जागच्या जागी आहे. बैठकीत अल्बम फिरला तेव्हा मावशींनी तो फोटो बराच वेळ हातात धरला आणि म्हणाल्या, “आईवर गेलीय गं पोर.”

येत्या तुळशीच्या लग्नानंतर आपल्याकडे पुन्हा लग्नं निघतील. तेव्हा वहीत ते तीन रकाने आखून ठेवा.